घरात मारहाण होते तेव्हा: दवाखान्यापासून कोर्टाच्या संरक्षण आदेशापर्यंत

आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल, किंवा तो थोड्या वेळात परत येऊन मारेल अशी भीती असेल, तर पुढचं वाचत बसू नका. ११२ ला फोन लावा आणि सगळ्यात आधी पत्ता सांगा: इमारत, मजला, जवळची खूण. कारण नंतर सांगता येतं. फोन हिसकावला गेला तरी पत्ता तोवर पोचलेला असला पाहिजे. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइनही दिवसरात्र चालू असते. मार बसून गेला आहे आणि आता कुठे जायचं ते कळत नाही, अशा वेळी ती उपयोगी पडते.

हा फोन तोही बघत असेल तर वाचून झाल्यावर ब्राउझरच्या हिस्ट्रीतून फक्त हे पान काढा. सगळी हिस्ट्री एकदम पुसली तर तेच डोळ्यांवर येतं.

या लेखात भारतातल्या कायद्याचा एकच मार्ग नीट उलगडून दाखवला आहे. मार बसल्यापासून कोर्टाचा संरक्षण आदेश हातात पडेपर्यंत आणि तो मोडला गेला तर पुढे काय करायचं, एवढाच. घटस्फोट, हुंड्याचा खटला, मुलांचा कायमचा ताबा हे मोठे विषय आहेत आणि ते नंतरही करता येतात. आधी मार थांबला पाहिजे.

दोन वाटा आहेत, आणि दोन्ही एकदम चालता येतात

बहुतेक बायका विचारतात, “पोलिसांत गेले तर संसार मोडेल ना?” त्यांच्या मनात एकच वाट असते: तक्रार, अटक, तुरुंग. ती वाट आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी यालाच ४९८-अ म्हणायचे; १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला. ही वाट झालेल्या गोष्टीची शिक्षा मागते.

दुसरी वाट म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. बोलताना सगळे त्याला डीव्ही अॅक्ट म्हणतात. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. यात तुम्ही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता आणि मागता ते पुढचं: त्याने हात उचलू नये, मला घरातून काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलं तूर्त माझ्याकडे राहावीत. त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा दाखल झालेला असावा लागत नाही, घटस्फोटही मागावा लागत नाही. नवऱ्याला तुरुंगात घालायचं नाही पण मार थांबवायचा आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच ही वाट केलेली आहे.

आणि ती फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी किंवा राहिलेली आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात सोबत राहिलेली जोडीदार, कुणीही हा अर्ज करू शकते. मुलाचा मार खाणाऱ्या आईला हे कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. धर्म कुठलाही असो, कायदा तोच आहे.

धोका किती आहे, हे आधी ओळखा

मारहाण सगळी वाईटच. पण काही खुणा दिसल्या की “पुढच्या वेळी बघू” म्हणायला वेळ उरत नाही. त्यातली पहिली म्हणजे गळा दाबणं. थपडा, लाथा यांच्या यादीत ते कुठेतरी मधेच सांगितलं जातं: “गळा पण धरला होता, पण सोडला लगेच.” ज्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका खूप वाढतो, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. शिवाय गळ्यावर वळ उठलाच पाहिजे असं नाही. पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, धाप लागणं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके, डोळ्यांपुढे अंधारी येऊन गेलेली असणं, त्या क्षणी लघवी सुटणं, या खुणा आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर तिचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो. म्हणून गळा दाबला गेला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि हे स्वतःहून सांगा.

बाकीच्या खुणा: हत्यार किंवा रॉकेल-पेट्रोल हातात घेणं, “संपवून टाकीन” किंवा “मी पण मरतो, तुम्हाला पण मारतो” अशी भाषा, गरोदरपणात मारणं, संशयापायी प्रत्येक पावलावर पाळत, आणि मार आधीपेक्षा वारंवार व जास्त जोराचा होत जाणं. यातलं काहीही असेल तर समोरासमोर “मी आता जाते” असं त्याला सांगू नका. बाई घर सोडायला निघते तो काळ आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. जायचं ते तो घरात नसताना, न सांगता.

निघायची तयारी

पिशवी भरून घरात ठेवू नका, सापडली तर त्यावरूनच मार बसतो. शेजारीण, बहीण, कामावरची मैत्रीण, ज्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एकाच माणसाकडे थोडं थोडं करून नेऊन ठेवा. तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा लग्नाचे फोटो, चालू असलेली औषधं, जुने दवाखान्याचे कागद, घराच्या किल्लीची प्रत आणि काही रोख रक्कम. मूळ कागद हलवले तर लक्षात येणार असेल तर फोटो काढून त्या माणसाच्या फोनवर पाठवा आणि तुमच्या फोनमधून पुसा. त्याच्या पगाराची स्लिप, घराचा करारनामा किंवा वीजबिल यांचे फोटो मिळाले तर फार कामाला येतात. पुढे पोटगी आणि घराचा हक्क मागताना हेच लागतं.

शेजारणीशी एक खूण ठरवून ठेवा. म्हणजे असं की ठरलेला साधा मेसेज आला, किंवा मुलगा येऊन एक ठरलेलं वाक्य बोलला, की तिने काही न विचारता ११२ लावायचा. मुलांना मधे पडून वाचवायला शिकवू नका. बाहेर पळायचं आणि कुणाच्या दारात जायचं, एवढंच त्यांना पक्कं माहीत असू द्या. भांडण पेटताना दिसलं तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळा. एकात सुऱ्या असतात, दुसऱ्यातून बाहेर पडायला वाट नसते.

फोनचं वेगळं सांगायला हवं. तो तुमचं लोकेशन बघत असेल, किंवा तुमचं व्हॉट्सअॅप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं असेल, तर निघायच्या आधीच ते बंद करू नका, कारण बंद झालेलं त्याला लगेच कळतं. सुरक्षित ठिकाणी पोचलात की बंद करा: व्हॉट्सअॅपमधली जोडलेली डिव्हाइस काढा, लोकेशन शेअरिंग थांबवा, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. निघण्याआधीच्या सगळ्या चौकश्या दुसऱ्याच्या फोनवरून करा.

जायला जागाच नसेल तर जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरला जा. १८१ वर विचारलं की पत्ता मिळतो. तिथे तात्पुरता, साधारण पाच दिवसांपर्यंत निवारा, दवाखान्यात सोबत, समुपदेशन आणि वकिलाशी गाठ, हे सगळं विनामूल्य असतं. जास्त दिवसांसाठी तिथूनच महिला निवासगृहात सोय लावतात. एक मर्यादा आधीच माहीत असू द्या: थोडा मोठा मुलगा सोबत असेल तर काही निवाऱ्यांत त्याला घेत नाहीत. म्हणून मुलांची वयं फोनवरच सांगून विचारून घ्या.

दवाखाना: पोलिसांच्या आधी गेलात तरी चालतं

पुढचं समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. बाई आहे पस्तिशीची, दोन मुलं, घर सासूच्या नावावर. ३ मार्चच्या रात्री नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं आणि गळा दाबला. शेजारणीने दार ठोठावलं म्हणून सुटली. पहाटे तो झोपलेला असताना ती मुलांना घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात बहिणीकडे गेली.

तिथे पोचल्यावर पहिलं काम सरकारी रुग्णालय. डीव्ही कायद्याच्या कलम ७ प्रमाणे हिंसाचार झालेल्या बाईला वैद्यकीय मदत नाकारता येत नाही, आणि त्यासाठी आधी कुठला अहवाल किंवा पोलिसांचं पत्र आणण्याची अटही नाही. तिथे सांगायचं, “नवऱ्याने मारलंय, एमएलसी करा.” एमएलसी म्हणजे कायदेशीर नोंद होणारी केस, ती झाली की रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं.

इथे एक वाक्य सगळं बिघडवतं: “बाथरूममध्ये पडले.” सोबत सासरचं कुणी असलं, किंवा नुसती लाज वाटली, की तोंडून हेच निघतं. मग केसपेपरवर पडल्याची नोंद होते, आणि वर्षभराने कोर्टात समोरचा वकील तोच कागद वर धरतो. डॉक्टरांना एकट्यात बोलायचं आहे असं सांगा. कुणी मारलं, कशाने मारलं, कुठे लागलं, गळा दाबला का, हे चारही लिहिले गेले आहेत का ते कागद हातात घेऊन वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. केसपेपरची प्रत आणि एमएलसी नंबर घेतल्याशिवाय निघू नका. आधी कधी भीतीने खोटं कारण सांगितलं गेलं असेल तर ते लपवू नका. या वेळच्या जबाबात तसं का सांगितलं तेही लिहून घ्या.

फोटो काढताना प्रत्येक जखमेचे दोन काढा. एक लांबून, चेहऱ्यासकट, म्हणजे ही जखम तुमचीच आहे हे दिसेल. दुसरा जवळून, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे मोठेपणा कळेल. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळानिळा दिसतो, तेव्हा पुन्हा काढा. ज्या फोनमध्ये मूळ फोटो आहेत तो फोन विकू किंवा रीसेट करू नका, कोर्ट मूळ मागू शकतं.

पोलीस ठाणे: एनसीवर समाधान मानू नका

कुठल्याही पोलीस ठाण्यात जाता येतं. “घटना आमच्या हद्दीतली नाही” हे कारण चालत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. आपल्या उदाहरणातली बाई बहिणीच्या गावातल्या ठाण्यातच तक्रार देऊ शकते.

अडचण असते ती पुढे. “नवऱ्याने मारलं” एवढंच सांगितलं तर ती साधी दुखापत धरली जाते. ती अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. मग हातात एनसीचा कागद मिळतो. तो अगदीच निरुपयोगी नाही, त्या तारखेला तुम्ही ठाण्यात गेला होतात याची ती नोंद आहे. पण त्यातून तपास होत नाही आणि अटकही होत नाही. चार वर्षांत पाच एनसी जमवूनही मार तसाच चालू असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणून जबाबात जे झालं ते सुटं सुटं करून सांगा. हे पाहा:

“पती मला नेहमी मारहाण करतात व त्रास देतात.”

आणि हे पाहा:

“दि. ३ मार्च रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास पतीने माझे केस धरून डोके दोनदा भिंतीवर आपटले व दोन्ही हातांनी माझा गळा दाबला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ‘आज तुला संपवतोच’ असे ते म्हणत होते. माझा सात वर्षांचा मुलगा तेथे होता. शेजारच्या बाईंनी दार ठोठावल्यावर त्यांनी मला सोडले. यापूर्वी दिवाळीच्या सुमारास त्यांनी पट्ट्याने मारले होते, तेव्हा माझ्या उजव्या हाताला टाके पडले. त्याचे कागद जोडले आहेत.”

दुसऱ्या मजकुरात जिवाला धोका, धमकी, साक्षीदार आणि पूर्वीचा प्रकार, हे सगळं आहे. क्रूरतेच्या कलम ८५ ला नेमकं हेच लागतं, आणि ते कलम दखलपात्र आहे. कुठलं कलम लावायचं ते पोलीस ठरवतात, पण त्यांच्यासमोर काय ठेवायचं ते तुमच्या हातात आहे. तारीख आठवत नसेल तर अंदाजे तारीख ठोकून देऊ नका. “मुलाच्या वार्षिक परीक्षेच्या वेळी”, “दिवाळीच्या सुमारास” असं लिहा. चुकीची तारीख उलटतपासणीत अंगाशी येते, सणाचा किंवा परीक्षेचा संदर्भ टिकतो. आणि वाढवून एक शब्दही सांगू नका. सासूने मारलं नसेल तर तिचं नाव मारहाणीत घालू नका. एक नाव खोटं ठरलं की बाकी सगळं खरं असूनही डळमळतं.

गुन्हा दाखल झाला की एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. घेतच नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ठाण्यातल्या महिला कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये समुपदेशन चांगलं मिळू शकतं, पण “आधी समेटाच्या तीन बैठका, मग तक्रार” अशी कुठलीही अट कायद्यात नाही. मारणाऱ्याच्या शेजारी बसून खरं बोलता येणार नसेल तर संयुक्त बैठकीला नाही म्हणा.

आणि हे फार महत्त्वाचं: तक्रार दिली की त्याला लगेच आत टाकतील असं धरून चालू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात हे स्पष्ट केलं, तेही ४९८-अ च्याच संदर्भात. पुष्कळदा त्याला ठाण्यात बोलावून नोटीस देतात आणि तो संध्याकाळी घरी येतो, चिडलेला. म्हणून तक्रार देण्याआधी त्या रात्री तुम्ही आणि मुलं कुठे झोपणार, ते ठरलेलं असू द्या.

संरक्षण अधिकारी आणि कोर्टातला अर्ज

प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महाराष्ट्रात ते महिला व बालविकास विभागाखाली येतात. पत्ता १८१ वर किंवा जिल्हा कार्यालयात मिळतो. त्यांच्याकडे तुम्ही सांगाल त्यावरून कौटुंबिक घटना अहवाल भरला जातो. त्याला सगळे डीआयआर म्हणतात, आणि त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे व पोलिसांकडे जाते. तुमच्या वतीने शेजारीण किंवा भाऊही त्यांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही.

वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा. ते कोर्टाच्या आवारातच असतं, फोन १५१००. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवरा लखपती असला तरी, तुम्ही स्वतः कमावत असलात तरीही. दाखले मागून परत पाठवलं तर हे ठामपणे सांगा.

अर्ज कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे होतो. तो कुठे करायचा याचं उत्तर बायकांच्या बाजूचं आहे: तुम्ही सध्या जिथे राहता तिथे, तात्पुरतं राहत असलात तरी. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बाईला मार खाल्लेल्या गावी परत जायची गरज नाही. बहिणीकडे राहत असल्याचा साधा पुरावा पुरतो. मार बसून वर्ष उलटलं म्हणून अर्ज मुदतबाह्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलेलं आहे.

आता या सगळ्यातली कळीची गोष्ट. मुख्य अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे तातडीच्या आदेशाचा वेगळा अर्ज आणि त्याला जोडून प्रतिज्ञापत्र द्या. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात निकालाला कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ विनासंरक्षण काढायचा नसेल तर अंतरिम आदेशच हवा, आणि तो त्याचं म्हणणं न ऐकता, एकतर्फीसुद्धा देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. त्यासाठी प्रतिज्ञापत्रात धोका आत्ताचा आहे हे दिसलं पाहिजे: ३ मार्चची घटना, एमएलसी, “संपवतो” हे शब्द, आणि त्यानंतर बहिणीच्या फोनवर आलेल्या धमक्या.

मागण्या लिहिताना वकिलाला “कायद्यानुसार सर्व संरक्षण” असं मोघम लिहू देऊ नका. या बाईच्या अर्जात असं येईल: त्याने तिला किंवा मुलांना मारू नये, फोन, मेसेज किंवा नातेवाइकांमार्फत संपर्क करू नये, बहिणीच्या घरी, तिच्या कामाच्या जागी आणि मुलांच्या शाळेत येऊ नये, तिचे दागिने आणि खात्यातले पैसे हलवू नयेत. हे सगळं कलम १८ चा संरक्षण आदेश म्हणून मागा. याचं कारण पुढे येतंच. त्यासोबत कलम १९ चा निवास आदेश, कलम २० खाली दरमहा खर्च आणि दवाखान्याचं बिल, कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा. खर्च मागताना दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे ते पगाराच्या स्लिपचे फोटो बोलतात.

घर सासूच्या नावावर आहे, मग हक्क संपला का? नाही. लग्नानंतर ती त्या घरात नांदली असेल तर मालकी सासू-सासऱ्यांची असली तरी ते तिचं सामाईक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंदर आहुजा प्रकरणात सांगितलं. मात्र मर्यादाही समजून घ्या. घराबाहेर काढण्याचा आदेश कुठल्याही बाईविरुद्ध होत नाही, म्हणजे सासू तिथेच राहणार. नवऱ्याला बाहेर राहायला सांगता येतं, किंवा त्याने तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं द्यावं असा आदेश मागता येतो. त्या घरात परत गेल्यावर जीव धोक्यात येणार असेल तर हक्क आहे म्हणून परत जाऊ नका, भाडं मागा.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो नोटीस बजावण्यात. तो दार उघडत नाही, “इथे राहत नाही” सांगतो, आणि तारखेमागून तारीख पडते. म्हणून अर्जात त्याच्या घराचा, कामाचा आणि आईवडिलांचा, असे सगळे पत्ते आणि फोन नंबर द्या. नोटीस संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत जाते. दोन-तीन दिवसांनी त्यांना स्वतः विचारा.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला फुकट मिळते आणि संबंधित पोलीस ठाण्यालाही पाठवली जाते. ती पोचली असेलच असं गृहीत धरू नका. स्वतः एक प्रत घेऊन जा: तुम्ही राहता त्या ठाण्यात आणि तो राहतो त्या ठाण्यात. आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या आणि मुलांना घ्यायला कोण येईल त्यांची नावं लेखी द्या. फोनमध्ये आदेशाचा फोटो ठेवा.

आता कलम १८ च का ते. त्याने संरक्षण आदेश मोडला, अंतरिम असला तरी, तर कलम ३१ प्रमाणे तो स्वतंत्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे कालपर्यंत ज्या “घरगुती भांडणा”वर एनसी मिळत होती, त्यावर आज पोलिसांना कोर्टाची वाट न बघता कारवाई करता येते. हा गुन्हा फक्त तुमच्या एकटीच्या साक्षीवरही सिद्ध मानता येतो, असं कलम ३२ सांगतं. पण कलम ३१ संरक्षण आदेशाबद्दल बोलतं. पोटगीचे पैसे थकले तर त्याची वसुली वेगळ्या अर्जाने करावी लागते, पोलिसांना बोलावून ती होत नाही. म्हणून संपर्क, मारहाण आणि जवळ येण्याची मनाई ही कलम १८ खालीच लिहून घ्यायची.

तो शाळेच्या फाटकाशी उभा राहिला आणि मारलं नाही, तरी आदेश मोडला गेला. ११२ वर असं सांगा: “माझ्याकडे डीव्ही कोर्टाचा संरक्षण आदेश आहे, याला इथे यायला मनाई आहे, तो आत्ता समोर आहे.” नुसतं “नवरा त्रास देतोय” म्हणू नका. शक्य असेल तर लांबून फोटो घ्या, त्याच्याशी बोलायला जाऊ नका. धमकीचा मेसेज आला तर उत्तर देऊ नका आणि पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ मेसेजही ठेवा. “मुलांना फक्त एकदा बघू दे” अशी गळ घालून तो येईल. भेट द्यायची असेल तर ती कोर्टाने ठरवलेल्या जागी आणि वेळी. तुम्ही स्वतःहून दाराशी भेट दिलीत की पुढच्या वेळी आदेश मोडल्याची तक्रार करताना नेमकी तीच गोष्ट विरुद्ध वापरली जाते.

अंतरिम अर्ज फेटाळला गेला तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, आणि त्यासाठीही विधी सेवेचा तोच मोफत वकील मिळतो. मधल्या काळात नवी घटना घडली, अगदी एक धमकी आली तरी, ती तारखेसह त्याच दंडाधिकाऱ्यांपुढे नव्या अर्जाने मांडता येते.